मार्सेलिस ते लिस्बन : प्रत्यार्पण, रेड कॉर्नर नोटीस आणि राष्ट्राने दिलेली हमी

प्रस्तावना

एका देशात गुन्हा करून दुसऱ्या देशात आश्रय घेणाऱ्या व्यक्तीला परत आणण्याची कायदेशीर प्रक्रिया म्हणजे प्रत्यार्पण होय. वृत्तपत्रांतून हा शब्द वारंवार येतो. त्याबरोबर ‘रेड कॉर्नर नोटीस’ हा शब्दप्रयोगही येतो. या दोहोंविषयी सर्वसाधारण वाचकाची समजूत बहुधा अशी असते की, नोटीस निघाली म्हणजे आरोपी जगात कोठेही पकडला जाईल आणि पकडला गेला म्हणजे विमानात बसवून परत पाठविला जाईल. वस्तुस्थिती याहून बरीच वेगळी आहे. नोटीस ही केवळ सूचना आहे आणि प्रत्यार्पण हा दोन सार्वभौम राष्ट्रांमधील अटींनी बांधलेला व्यवहार आहे. त्या अटी आरोपी परत आल्यावर संपत नाहीत, उलट तेथूनच त्यांची खरी कसोटी सुरू होते.

प्रस्तुत लेखात महाराष्ट्राशी निगडित अशा दोन घटनांच्या आधारे हा विषय मांडला आहे. पहिली घटना १९१० सालची, मार्सेलिस बंदरातील आहे. तेथे प्रत्यार्पणाची प्रक्रिया न होताच एक बंदी परत दिला गेला. दुसरी घटना २००२ साली लिस्बन येथे सुरू झाली. तेथे प्रक्रिया पूर्ण झाली, परंतु त्यासाठी भारताला लेखी हमी द्यावी लागली. त्या हमीचा अर्थ लावण्याचे काम पुढे वीस वर्षांहून अधिक काळ न्यायालयांत चालले. लेखातील मुख्य विवेचन या दुसऱ्या घटनेचे आहे.

मार्सेलिस, १९१० : प्रक्रियेविना झालेले हस्तांतरण

विनायक दामोदर सावरकर यांना मार्च १९१० मध्ये लंडन येथे अटक झाली. डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकचे जिल्हाधिकारी जॅक्सन यांचा खून झाला होता. त्या प्रकरणाशी व राजद्रोहाच्या आरोपांशी त्यांचा संबंध जोडण्यात आला होता. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, लंडनहून मुंबईला त्यांना पाठविणे हे प्रत्यार्पण नव्हते. इंग्लंड व हिंदुस्थान हे दोन्ही ब्रिटिश सत्तेखालील प्रदेश असल्याने १८८१ च्या फरारी गुन्हेगार कायद्यानुसार तो साम्राज्यांतर्गत व्यवहार होता. त्यात परकीय राष्ट्राच्या संमतीचा प्रश्न उद्भवत नव्हता.

तो प्रश्न उद्भवला ८ जुलै १९१० रोजी. ‘मोरिया’ ही बोट मार्सेलिस बंदरात उभी असता सावरकर बोटीच्या गवाक्षातून समुद्रात उतरले आणि पोहत धक्क्यावर पोहोचले. त्यांनी पाय ठेवलेली भूमी फ्रान्सची होती. इंग्लंड व फ्रान्स यांच्यात १८७६ चा प्रत्यार्पण करार होता आणि राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्यासाठी आरोपी न देण्याचे तत्त्व त्या काळी युरोपात रूढ झालेले होते. म्हणजेच, नियमानुसार इंग्लंडने मागणी करावयाची, फ्रान्सने ती तपासावयाची आणि गुन्हा राजकीय आहे की नाही हे ठरवावयाचे, असा क्रम अपेक्षित होता. प्रत्यक्षात किनाऱ्यावरील एका फ्रेंच शिपाई-अंमलदाराने त्यांना पकडले आणि काही मिनिटांतच बोटीवर परत नेले. दुसऱ्या दिवशी बोट मार्गस्थ झाली.

फ्रान्समध्ये या घटनेवर टीका झाली व फ्रेंच सरकारने सावरकरांना परत देण्याची मागणी केली. ऑक्टोबर १९१० मध्ये दोन्ही देशांनी हा वाद हेग येथील स्थायी लवाद न्यायालयाकडे सोपविला. २४ फेब्रुवारी १९११ रोजी पाच सदस्यांच्या लवादाने निर्णय दिला. अटक व हस्तांतरण यांत अनियमितता झाली, हे लवादाने मान्य केले. परंतु ब्रिटिशांनी बळजबरी वा फसवणूक केलेली नाही, बोटीवरील बंद्याच्या संदर्भात दोन्ही देशांच्या पोलिसांत आधीच पत्रव्यवहार झालेला होता आणि परकीय अंमलदाराच्या चुकीमुळे ताब्यात आलेली व्यक्ती परत करावी असे बंधन घालणारा आंतरराष्ट्रीय कायद्याचा नियम अस्तित्वात नाही, असे त्याने म्हटले. निर्णय येईपर्यंत मुंबईतील विशेष न्यायाधिकरणाने सावरकरांना जन्मठेपेच्या दोन शिक्षा ठोठावल्याही होत्या.

या निवाड्यावर कायदेपंडितांनी पुढे पुष्कळ टीका केली. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातून निघणारा मुद्दा असा : प्रत्यार्पणाचे संरक्षण हे आश्रय देणाऱ्या देशाच्या प्रक्रियेत असते. ती प्रक्रिया टळली, तर आरोपीभोवती कोणतीही अट उरत नाही. मागणी करणाऱ्या सत्तेने फ्रान्सला कोणताही शब्द दिलेला नव्हता, त्यामुळे मोडण्यासारखेही काही नव्हते. लिस्बन प्रकरणात याच्या नेमके उलट घडले.

रेड कॉर्नर नोटीस म्हणजे काय

लिस्बनकडे वळण्यापूर्वी नोटिशीचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे. ज्या संघटनेला आपण इंटरपोल म्हणतो, तिची स्थापना १९२३ साली व्हिएन्ना येथे झाली. तिचे मुख्यालय आज फ्रान्समधील लियाँ येथे आहे. इंटरपोलकडे स्वतःचे शिपाई नाहीत. कोणालाही अटक करण्याचा अधिकारही तिला नाही. सदस्य देशांच्या पोलीस दलांमध्ये माहिती पोहोचविणे हे तिचे काम आहे. ही माहिती रंगांनुसार वर्गीकृत नोटिशींद्वारे दिली जाते. बेपत्ता व्यक्तींसाठी पिवळी, अनोळखी मृतदेहांसाठी काळी, ठावठिकाणा वा ओळख समजण्यासाठी निळी आणि अटक करून प्रत्यार्पण मागावयाचे असेल तर लाल नोटीस असते. नोटिशीच्या कोपऱ्यात रंगीत चौकोन असे. त्यावरून भारतात ‘रेड कॉर्नर’ हे नाव रूढ झाले.

भारतात या कामासाठी केंद्रीय अन्वेषण विभाग, म्हणजे सीबीआय, हे राष्ट्रीय केंद्र आहे. एखाद्या जिल्ह्यातील पोलिसांना फरारी आरोपीसाठी लाल नोटीस हवी असेल, तर न्यायालयाचे अटक वॉरंट, गुन्ह्याचा गोषवारा व ओळखीचा तपशील यांसह प्रस्ताव वरिष्ठांमार्फत सीबीआयकडे जातो. तेथून तो लियाँला पाठविला जातो. तेथे तो तपासून स्वीकारला किंवा नाकारला जातो. इंटरपोलच्या घटनेतील तिसऱ्या कलमानुसार राजकीय, लष्करी, धार्मिक वा वांशिक स्वरूपाच्या प्रकरणांत हस्तक्षेप करण्यास संघटनेला मनाई आहे. मार्सेलिस येथे जो प्रश्न विचारलाच गेला नाही, तो आज नोटीस काढण्यापूर्वीच विचारला जातो.

नोटीस निघाल्यावर तिला किती वजन द्यावयाचे, हे प्रत्येक देश स्वतःच्या कायद्यानुसार ठरवितो. काही देश तिच्या आधारे तात्पुरती अटक करतात, तर काही देश केवळ संबंधित देशाला कळवितात. नोटीस असूनही अटक न होणे आणि नोटीस नसतानाही अटक होणे, या दोन्ही गोष्टी संभवतात. मुंबईतील पंजाब नॅशनल बँकेच्या शाखेतील कथित गैरव्यवहाराचे आरोपी मेहुल चोक्सी यांच्यावरील लाल नोटीस इंटरपोलने नोव्हेंबर २०२२ मध्ये रद्द केली. तरीही एप्रिल २०२५ मध्ये भारताच्या थेट विनंतीवरून बेल्जियममध्ये त्यांना अटक झाली. सारांश, नोटीस माणसाचा शोध लावून देते. त्याला परत देणे हे मात्र त्या देशातील न्यायालय व शासन यांच्या हाती असते.

लिस्बन : मागणी आणि हमी

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या साखळी बॉम्बस्फोटांत २५७ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. या कटासाठी शस्त्रे मुंबईत पोहोचविल्याचा आरोप असलेला अबू सालेम त्याच वर्षी देशाबाहेर गेला. १९९५ मध्ये मुंबईतील बांधकाम व्यावसायिक प्रदीप जैन यांच्या खुनाच्या कटातही त्याचे नाव आले. १८ सप्टेंबर २००२ रोजी लिस्बन येथे पोर्तुगीज पोलिसांनी रेड कॉर्नर नोटिशीच्या आधारे त्याला ताब्यात घेतले. त्याच्याजवळ बनावट नावाचे पारपत्र असल्याने पोर्तुगालमध्ये त्याच्यावर स्वतंत्र खटलाही झाला. ही गोष्ट पुढे वर्षांच्या गणितात महत्त्वाची ठरली.

पहिली अडचण अशी की, भारत व पोर्तुगाल यांच्यात त्या वेळी प्रत्यार्पण करार नव्हता. करार नसता मागणी करता येत नाही असे नाही, पण तिला अन्य आधार शोधावा लागतो. बॉम्बस्फोटांसारख्या दहशतवादी कृत्यांविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर दोन्ही देशांची संमती होती. त्याचा व परस्परतेच्या तत्त्वाचा आधार भारताने घेतला. परस्परता म्हणजे, आज तुम्ही आम्हाला सहकार्य करा, उद्या तशा प्रसंगी आम्ही करू, असे आश्वासन. भारताचा प्रत्यार्पण कायदा १९६२ सालचा आहे. तो पोर्तुगालला लागू करणारी अधिसूचना केंद्र सरकारने डिसेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध केली.

दुसरी अडचण अधिक गंभीर होती. टाडा कायद्याखाली मृत्युदंड होऊ शकत होता, तर पोर्तुगालने तो १८६७ सालीच सर्वसाधारण गुन्ह्यांसाठी रद्द केलेला होता. तेथे जन्मठेपही नाही. तुरुंगवासाची कमाल मर्यादा २५ वर्षे आहे. ज्या शिक्षा आपल्या देशात निषिद्ध आहेत, त्या शिक्षांच्या छायेत कोणालाही पाठविण्यास पोर्तुगीज राज्यघटना प्रतिबंध करते. भारताच्या प्रत्यार्पण कायद्यात ३४-क हे कलम आहे. आश्रय देणाऱ्या देशात मृत्युदंड नसेल, तर परत आणलेल्या आरोपीला त्याऐवजी जन्मठेपच देता येईल, असे ते सांगते. म्हणजे फाशीचा प्रश्न भारतीय कायद्यानेच सुटत होता. जन्मठेपेचा सुटत नव्हता. म्हणून १७ डिसेंबर २००२ रोजी तत्कालीन उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी भारत सरकारच्या वतीने लेखी हमी दिली की, आरोपीला फाशी दिली जाणार नाही व २५ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात ठेवले जाणार नाही. पंचवीस हा आकडा पोर्तुगालच्या दंडसंहितेतून आलेला होता, हे येथे ध्यानात घ्यावे.

तिसरी अट विशिष्टतेच्या तत्त्वाची होती. ज्या गुन्ह्यांसाठी आरोपी सोपविला, त्यांच्यासाठीच त्याच्यावर खटला चालवावा, असे हे तत्त्व सांगते. अन्यथा एका आरोपाखाली माणूस मागून घ्यावयाचा आणि दुसऱ्याच आरोपाखाली शिक्षा द्यावयाची, असे होऊ शकते. भारतीय कायद्याच्या २१ व्या कलमात हे तत्त्व समाविष्ट आहे. मे २००३ मध्ये भारतीय राजदूतांनी तशी स्वतंत्र हमीही दिली.

लिस्बनच्या अपील न्यायालयाने २००४ मध्ये व पोर्तुगालच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी २००५ रोजी प्रत्यार्पणास परवानगी दिली. ती परवानगी ठराविक खटल्यांसाठी व ठराविक कलमांसाठी होती. नोव्हेंबर २००५ मध्ये सालेमला भारतात आणण्यात आले. अटकेपासून परत येण्यापर्यंत तीन वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

वाढीव आरोप आणि दोन सर्वोच्च न्यायालये

मुंबईतील विशेष टाडा न्यायालयात आरोप निश्चित होताना, परवानगीच्या आदेशात नसलेली काही कलमेही सालेमविरुद्ध लावण्यात आली. त्याने ती विशिष्टतेच्या तत्त्वाचा भंग म्हणून आव्हानित केली. १० सप्टेंबर २०१० रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचे म्हणणे फेटाळले. न्यायालयाचा युक्तिवाद थोडक्यात असा होता : प्रत्यार्पणासाठी जी वस्तुस्थिती पोर्तुगालपुढे मांडली होती, तीच येथेही आहे. त्याच वस्तुस्थितीतून निघणारे व मूळ आरोपापेक्षा सौम्य गुन्हे लावण्यास २१ वे कलम आडकाठी करीत नाही.

पोर्तुगीज न्यायालयांनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने पाहिला. आपण कोणत्या कलमांसाठी संमती दिली, हे त्यांच्या दृष्टीने निर्णायक होते. लिस्बनच्या अपील न्यायालयाने सप्टेंबर २०११ मध्ये भारताने अटींचा भंग केल्याचे ठरवून प्रत्यार्पणाची परवानगी संपुष्टात आल्याचे जाहीर केले. जानेवारी २०१२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय कायम केला. एकच कलम, एकच आरोपी आणि दोन देशांच्या न्यायालयांचे दोन परस्परविरोधी निष्कर्ष, असा हा प्रसंग होता. या वेळी सालेम मुंबईत भारताच्या ताब्यात होता, त्यामुळे पोर्तुगीज निर्णयाची थेट अंमलबजावणी शक्य नव्हती.

सीबीआयने मग वाढीव आरोपांपैकी काही मागे घेण्याची परवानगी मागितली. ५ ऑगस्ट २०१३ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. परकीय न्यायालयाचा निर्णय भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाही व प्रत्यार्पण वैधच आहे, असे न्यायालयाने म्हटले. पण त्याच वेळी दोन राष्ट्रांमधील परस्पर आदराच्या तत्त्वाला मान देऊन सरकारला आपला शब्द सांभाळण्याचा मार्ग खुला ठेवला. कायद्याने आपण बरोबर आहोत असे म्हणत असतानाही माघार घेणे, यामागे व्यवहारज्ञान होते. पुढच्या वेळी एखाद्या देशाकडे आरोपी मागावयाचा, तर हा पूर्वेतिहास तेथील न्यायालयात वाचला जाणार, हे उघड होते.

जन्मठेप की पंचवीस वर्षे?

फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रदीप जैन खून खटल्यात व ७ सप्टेंबर २०१७ रोजी बॉम्बस्फोट खटल्यात सालेमला जन्मठेप झाली. भारतीय कायद्यात जन्मठेप म्हणजे नैसर्गिक आयुष्याच्या अखेरपर्यंत कारावास. मग २५ वर्षांच्या हमीचे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ११ जुलै २०२२ रोजी न्यायमूर्ती संजय किशन कौल व न्यायमूर्ती एम. एम. सुंदरेश यांनी दिलेला निर्णय या संपूर्ण प्रकरणाचा गाभा आहे.

न्यायालयाने प्रथम हे स्पष्ट केले की, हमी ही कार्यकारी शासनाने दिलेली होती, न्यायालयाने नव्हे. सत्ताविभाजनाच्या तत्त्वानुसार शासन न्यायालयाच्या वतीने शिक्षेचे वचन देऊ शकत नाही. म्हणून विशेष न्यायालयाने दिलेली जन्मठेप चुकीची नाही. परंतु शासन स्वतःच्या वचनाने बांधलेले आहे आणि ते पाळण्याची साधनेही त्याच्याकडे आहेत. राज्यघटनेच्या ७२ व्या कलमाखाली राष्ट्रपतींना शिक्षा कमी करण्याचा अधिकार आहे व तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार शासनालाही शिक्षेत सूट देता येत होती. २५ वर्षे पूर्ण होताच शासनाने राष्ट्रपतींना तसा सल्ला द्यावा व आवश्यक कागदपत्रे एक महिन्यात पाठवावीत, असे न्यायालयाने बजावले. अशा रीतीने शिक्षा न्यायालयाची राहिली आणि वचन शासनाचे राहिले. दोहोंपैकी कशालाही बाध आला नाही.

उरला प्रश्न वर्षे कोठून मोजावयाची हा. सालेमचे म्हणणे होते की, नोटिशीच्या आधारे लिस्बनला ताब्यात घेतले त्या १८ सप्टेंबर २००२ पासून मोजावीत. तसे केल्यास मुदत सप्टेंबर २०२७ मध्ये संपते. न्यायालयाने हे मान्य केले नाही. लिस्बनमधील त्या काळात तो बनावट पारपत्रासंबंधीच्या पोर्तुगीज गुन्ह्याची शिक्षा भोगत होता. एका देशातील गुन्ह्याची शिक्षा दुसऱ्या देशातील गुन्ह्याच्या शिक्षेतून वजा करता येणार नाही. ती पोर्तुगीज शिक्षा संपून तो केवळ प्रत्यार्पणासाठी अटकेत राहिला तो दिवस १२ ऑक्टोबर २००५ होय. तेथून २५ वर्षे मोजल्यास ऑक्टोबर २०३० येतो. म्हणजे नोटिशीवरील अटक आणि प्रत्यार्पणासाठीची अटक यांतील सूक्ष्म भेदाने तीन वर्षांचा फरक पडला. कारागृहातील वर्तणुकीबद्दल मिळणारी सूट धरून मुदत आधीच पूर्ण झाल्याचा दावाही सालेमने नंतर केला. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २५ वर्षे सकृद्दर्शनी पूर्ण झालेली नाहीत, असे निरीक्षण नोंदविले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. रेड कॉर्नर नोटीस ही शोधाची सुरुवात आहे. तिच्याने आरोपीचा ठिकाणा लागतो, ताबा मिळत नाही. ताबा मिळविण्यासाठी आश्रय देणाऱ्या देशाच्या न्यायालयाचे समाधान करावे लागते आणि ते न्यायालय स्वतःच्या देशाच्या शिक्षेच्या कल्पनांनुसार मागणी पारखते.

मार्सेलिसच्या प्रसंगात फ्रान्सच्या न्यायालयासमोर प्रश्न आलाच नाही, म्हणून सावरकरांच्या शिक्षेला कोणतीही बाह्य मर्यादा राहिली नाही. लिस्बनच्या प्रसंगात प्रश्न आला, म्हणून शेकडो कुटुंबांना उद्ध्वस्त करणाऱ्या गुन्ह्यातील दोषी व्यक्तीच्या शिक्षेलाही पंचवीस वर्षांची मर्यादा पडली. स्फोटांत आप्त गमावलेल्यांना ही मर्यादा अन्यायकारक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु डिसेंबर २००२ मध्ये पर्याय फाशी की पंचवीस वर्षे असा नव्हता. पंचवीस वर्षे की खटलाच नाही, असा होता. भारताने पहिला पर्याय स्वीकारला, तेव्हाच त्याची किंमतही मान्य केली. ती किंमत चुकविण्याची वेळ ऑक्टोबर २०३० मध्ये येईल आणि त्या वेळी पोर्तुगालबरोबरच भारताने ज्यांच्याकडे आरोपी मागितले आहेत अशा अन्य देशांची न्यायालयेही भारत काय करतो इकडे लक्ष ठेवून असतील.